दवाखान्यात शुगर २६८, घरी ७८: हार्ट अटॅकच्या वेळी वाढलेली साखर म्हणजे मधुमेह का?

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील ५८ वर्षांचे. डायबेटिस कधीच नव्हता. मागच्या महिन्यात हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. अ‍ॅडमिट करताना शुगर २६८ होती, आयसीयूत इन्सुलिन लावलं. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीए१सी ५.८ आलाय. घरी सोडताना ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, अशी गोळी दिली. आता घरी उपाशीपोटी ७८ ते ८५ येते. नातेवाईक म्हणतात, एकदा इन्सुलिन लागलं म्हणजे डायबेटिस झालाच, गोळी आयुष्यभर सोडायची नाही. खरंच डायबेटिस झालाय का त्यांना?

उत्तर:

आधी गोळीचं बोलतो, कारण ते आजच्या आज करायचं काम आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, रक्तात साखर जास्त असो वा नसो. ज्यांचा एचबीए१सी ५.८ आहे आणि उपाशीपोटी शुगर ७८ येते, त्यांना या गोळीची गरज असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि धोका मात्र खरा आहे. एखाद्या दिवशी जेवायला उशीर झाला, जुलाब झाले, एकादशी धरली, तर हीच शुगर ५० च्या खाली जाऊ शकते. हार्ट अटॅकनंतर बहुधा त्यांना बीटा ब्लॉकर गटातली गोळीही सुरू असेल. साखर उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात. ही सूचना त्या गोळीमुळे दबून जाते आणि उरतो तो फक्त घाम. म्हणून आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा, घरच्या शुगरचे आकडे वाचून दाखवा आणि ग्लिमेपिराइड बंद करायची का, हे स्पष्ट विचारा. हृदयाच्या बाकीच्या गोळ्यांना मात्र हात लावू नका.

मी हे इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी पहाटे माझ्याकडे ६४ वर्षांच्या एक बाई बेशुद्ध अवस्थेत आल्या. डाव्या हाताची हालचाल दिसत नव्हती. घरच्यांनी पक्षाघात म्हणून आणलं होतं आणि आमच्याही मनात तेच आलं. ग्लुकोमीटरवर शुगर निघाली ४१. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्या डोळे उघडून बोलायला लागल्या, हातही हलायला लागला. दहा दिवसांपूर्वी त्यांना न्यूमोनियासाठी दुसऱ्या एका रुग्णालयातून सोडलं होतं. तापाच्या दिवसांत शुगर २३० च्या आसपास राहिली, म्हणून घरी जाताना ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम लिहून दिली गेली. न्यूमोनिया बरा झाला, शुगर आपोआप उतरली, भूक मात्र परतली नव्हती आणि गोळी चालूच राहिली. त्यांचा एचबीए१सी होता ५.७. त्यांना मधुमेह नव्हता. त्यांना न्यूमोनिया झाला होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असा मोठा आघात झाला की शरीर जिवावरच्या संकटाची तयारी करतं. अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही संप्रेरकं एकदम वाढतात. यकृत साठवलेली साखर सोडतं आणि ती संपत आली की स्नायूंतल्या प्रथिनांपासून नवी साखर बनवत राहतं. त्याच वेळी अ‍ॅड्रेनॅलिन स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यापासून रोखतं, आणि जे थोडं इन्सुलिन रक्तात असतं त्याला स्नायू दाद देत नाहीत. म्हणजे साखर दोन्ही बाजूंनी वाढते: तयार जास्त होते आणि वापरली कमी जाते. मेंदूला साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे ही व्यवस्था त्याच्या सोयीची आहे. आघात ओसरला की ती मोडली जाते. याला आम्ही स्ट्रेस हायपरग्लायसेमिया म्हणतो. त्याला ताणामुळे वाढलेली साखर म्हणता येईल, पण इथला ताण मनाचा नाही, शरीराचा आहे. आजवर रुग्णाच्या काळजीनेच साखर वाढली असं समजणारे कितीतरी नातेवाईक मला भेटले आहेत. बेशुद्ध माणसाचीही साखर तशीच वाढते.

मग एखाद्याची साखर आघाताने वाढली आहे की मधुमेह आधीपासूनच होता आणि आता सापडला, हे कसं ओळखायचं? दाखल करतानाच्या एका आकड्यावरून ते कळत नाही. त्यासाठी एचबीए१सी लागतो. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते. काल रात्री आलेल्या अटॅकने ती बदलत नाही. ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह बहुधा आधीचाच, फक्त कुणी तपासला नव्हता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याखाली असेल तर वाढलेल्या साखरेचं खापर बव्हंशी त्या आजारावरच फोडावं लागतं.

हे आणखी नेमकं करण्याची एक सोपी पद्धत आहे. एचबीए१सीला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे. जे उरतं ती त्या माणसाची नेहमीची सरासरी साखर. वडिलांचा आकडा धरू: ५.८ गुणिले २८.७ म्हणजे १६६.५, त्यातून ४६.७ गेले की जवळपास १२०. दाखल होताना साखर होती २६८. म्हणजे त्या रात्री ती त्यांच्या नेहमीच्या सरासरीच्या सव्वादोन पटींच्या आसपास होती. आता शेजारच्या खाटेवर असाच अटॅक येऊन, अशीच २६८ साखर घेऊन दाखल झालेला पण ८.४ एचबीए१सी असलेला माणूस आहे असं समजा. त्याची नेहमीची सरासरी निघते १९४, म्हणजे २६८ ही त्याच्यासाठी दीडपटही नाही. आकडा तोच, पण त्यातून निघणारे अर्थ वेगळे. शेजारच्या माणसाला मधुमेह आहे, त्याला घरी गेल्यावरही औषध लागेल. वडिलांचा आकडा सांगतो की त्या रात्री त्यांच्या शरीरावर फार मोठा आघात झाला होता.

म्हणूनच मधुमेह नसलेल्या माणसाची साखर अशी वाढली तर हृदयरोगतज्ज्ञ ती हलक्यात घेत नाहीत. हार्ट अटॅक आणि पक्षाघात दोन्हींमध्ये, आधी मधुमेह नसताना दाखल होतेवेळी साखर वाढलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण साखर न वाढलेल्यांपेक्षा बरंच जास्त दिसलेलं आहे. यातली किती हानी साखरेने केली आणि किती आघाताने, हे वेगळं काढणं अवघड असतं. खूप वाढलेली साखर लघवीतून पाणी ओढून नेते, पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी करते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देते. तरीही माझ्या अनुभवात ती बरीचशी तापासारखी आहे. ताप मोजायचा, फार चढला तर उतरवायचा, पण शोध घ्यायचा तो ताप कशामुळे आला याचा.

मग साखर वाढली तर ती झटपट अगदी नॉर्मलवर का आणू नये? वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्हीही तेच करायला निघालो होतो. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या सर्जिकल आयसीयूतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे इन्सुलिनने साखर ८० ते ११० मध्ये ठेवल्यावर मृत्यू कमी झाले होते. जगभर आयसीयूंनी तो आकडा उचलला. पुढे २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा सहा हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला, आणि त्याने चित्र उलटं केलं. साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, १८० च्या आत ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. साखर ४० च्या खाली जाण्याचे प्रसंग पहिल्या गटात ६.८ टक्के रुग्णांमध्ये, दुसऱ्यात फक्त ०.५ टक्के. पक्षाघातासाठी २०१९ मध्ये शाइन या अमेरिकन अभ्यासात ८० ते १३० मध्ये घट्ट धरलेली साखर आणि १८० च्या आत ठेवलेली साखर यांची तुलना झाली. रुग्ण किती सावरले यात फरक पडला नाही, पण घट्ट धरलेल्या गटातच साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली.

म्हणून आज साखर दोनदा १८० च्या वर निघाली तर इन्सुलिन सुरू करतात आणि ती साधारण १४० ते १८० मध्ये ठेवतात. नातेवाईक मॉनिटरजवळ उभे राहून विचारतात, "अजून १६५ आहे, काहीतरी करा ना." तिथे काही न करणं हाच उपचार असतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका रुग्णावरून सांगतो. ५४ वर्षांचे एक शेतकरी, रात्री पावणेदहाला छातीत दुखतंय म्हणून आले. मोठा हार्ट अटॅक होता आणि शुगर २६१. लगेच अँजिओप्लास्टी करून बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. साडेअकराला शुगर २५४. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्ताची खात्री केली, तिथे २४७. एचबीए१सीसाठी रक्त आधीच पाठवलं होतं. पोटॅशियम पाहिलं, कारण इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं आणि ताज्या अटॅकमध्ये पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मग साधं रेग्युलर इन्सुलिन ५० युनिट, ५० मिलिलिटर सलाइनमध्ये, सिरिंज पंपवर. म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट. नळीच्या प्लॅस्टिकला इन्सुलिन चिकटून बसतं, म्हणून पहिलं वीसेक मिलिलिटर नळीतून वाहू देऊन टाकून दिलं, नाहीतर सुरुवातीला रुग्णाला पुरेसं इन्सुलिन पोचत नाही. वेग तासाला अडीच युनिट, आणि दर तासाला शुगर.

एक वाजता २२१, दोनला १९६. इथपर्यंत सगळं सरळ होतं. तीनला १६८ आली तेव्हा वेग दीडवर आणला, चारला १४२ आली तेव्हा अर्ध्या युनिटवर. पाचला १२४ आली आणि पंप बंद केला. इन्सुलिनचा वेग कमी करत असतानाही साखर उतरतच होती, हे लक्षात घ्या. रक्तवाहिनी उघडली, दुखणं थांबलं, अ‍ॅड्रेनॅलिन ओसरलं आणि इन्सुलिनची गरजच कोसळली. स्ट्रेस हायपरग्लायसेमियातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच. संध्याकाळी योग्य असलेला वेग पहाटे जास्त ठरतो. जिथे रात्रपाळीची सिस्टर एकटी दहा रुग्ण बघते, तिथे तासातासाची तपासणी चुकते. अशा ठिकाणी पंप लावण्यापेक्षा दर सहा तासांनी शुगर पाहून त्वचेखाली थोडं इन्सुलिन देणं मला जास्त सुरक्षित वाटतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांची साखर १५०-१६५ राहिली, इन्सुलिन दिलं नाही. चौथ्या दिवशी उपाशीपोटी १०८ आली. एचबीए१सी ५.६. घरी जाताना साखरेची एकही गोळी नव्हती, पण डिस्चार्ज कार्डावर मी ठळक लिहिलं: दाखल होताना २६१, एचबीए१सी ५.६, आठ आठवड्यांनी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट.

आयसीयूत साखर वाढण्याची काही कारणं आमच्याच हातून होतात, तीही आधी शोधायला हवीत. हृदयाचे ठोके सावरणारं अमायोडारोन डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. संसर्गामुळे रक्तदाब कोसळला की दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतात, तेही साखर चढवतं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे इतके रुग्ण पाहिले, त्यात स्टेरॉइड आणि चढलेली साखर यांची जोडी पुन्हा पुन्हा दिसली. पण स्थिर झालेल्या रुग्णाची साखर औषधं आणि खाणं तेच असताना १५० वरून अचानक २३० झाली, तर मी इन्सुलिन वाढवण्याआधी नवा संसर्ग शोधतो. मध्यवर्ती शिरेतली नळी, लघवीची नळी, छाती. पुष्कळदा ताप येण्याआधी साखरच ती बातमी देते.

आणखी एक गोष्ट. रक्तदाब खूप उतरलेला असेल, हात गार पडलेले असतील किंवा सुजलेले असतील, तर बोट टोचून घेतलेल्या रक्ताच्या शुगरवर विसंबून चालत नाही. धमनीतून किंवा शिरेतून रक्त घेऊन तपासावं लागतं. रक्त खूप कमी असेल तर ग्लुकोमीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो आणि त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं जातं.

एचबीए१सीलाही अशाच मर्यादा आहेत. शरीरात लोह कमी असेल तर तो साखर न वाढताच थोडा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडे लोहाची कमतरता असलेल्या बायका किती आहेत हे वेगळं सांगायला नको. उलट, लाल पेशी लवकर मोडत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो फसवा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे, तिथल्या रुग्णाचा ५.४ पाहून मी निश्चिंत होत नाही. रक्त चढवायचं असेल तर एचबीए१सीचा नमुना आधीच काढून ठेवायचा.

आता तुमच्या वडिलांचं पुढचं. आज त्यांना मधुमेह आहे असं म्हणायला आधार नाही. पण ५.८ म्हणजे पूर्ण निर्धोकही नाही, आणि इथे नातेवाईकांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. स्वीडनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्या, आधी मधुमेह नसलेल्या १८१ जणांना घरी जाताना आणि पुन्हा तीन महिन्यांनी ग्लुकोज पाजून तपासलं. तीन महिन्यांनी, म्हणजे आघात पूर्ण ओसरल्यावर, साधारण चौघांत एकाला मधुमेह निघाला आणि दहांत चौघे उंबरठ्यावर होते. दाखल होताना या सगळ्यांची साखर २०० च्या आत होती. म्हणजे आघाताने साखर वाढवली, आणि त्याच वेळी काहींच्या स्वादुपिंडाचा कमकुवतपणाही उघडा पाडला.

माझे ते शेतकरी आठ आठवड्यांनी आले. उपाशीपोटी १०४ आणि ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी १६८. दोन तासांची साखर १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ते उंबरठ्यावर होते. गोळी दिली नाही. जेवणानंतर रोज अर्धा तास चालणं, चार किलो वजन कमी, दिवसाला सहा कप गोड चहाचे दोन कप, आणि दरवर्षी तपासणी, एवढं ठरलं.

वडिलांचीही हीच तपासणी अटॅकनंतर सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान करून घ्या. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवली असेल तरच तिचा अर्थ लागेल. गोळी चालू असताना केलेली ही तपासणी काहीच सांगत नाही. तपासणीआधीचे तीन दिवस भात, पोळी, भाकरी नेहमीइतकीच खाऊ द्या, मुद्दाम कमी करू नका, उपवास नको. आदल्या रात्री आठ ते दहा तास फक्त पाणी. सकाळी पहिलं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात पाच मिनिटांत पिऊन संपवायचं, दोन तास बसून राहायचं, तंबाखू नाही, फिरणं नाही, आणि दुसरं रक्त. हृदयाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने साखर किंचित वाढते असं कुणी सांगेल. ते खरं आहे, पण ती वाढ फार थोडी असते आणि स्टॅटिन त्यांच्या हृदयाला नव्या अटॅकपासून वाचवत असते. साखरेच्या भीतीने ती बंद करू नका.

तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. त्यावर २६८ आणि ५.८ हे दोन्ही आकडे लिहिलेले नसतील तर आजच पेनाने लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना "इन्सुलिन लागलं होतं" एवढंच सांगू नका, हे आकडे दाखवा.